लाल भुकटी येईपर्यंत

दुपारी चारच्या सुमाराला पश्चिमेच्या खिडकीसमोर बसा. पाथर्डीत चैत्र-वैशाखाचं ऊन या वेळेला तिरपं होऊन थेट घरात शिरतं, म्हणून आपण अस्तर लावलेला जाड पडदा शिवून घेतो. सात फूट लांब, अस्तरासकट दीड किलोच्या आसपास. दिवसभर तो मिटलेला बरा. पण दिवस कलला, वारा सुटला की तो बाजूला घ्यावा लागतो, आणि तिथे राहावा लागतो.

आज तो बांधू नका. नुसता हातात धरा. आतली कड मुठीत घ्या, सगळ्या चुण्या गोळा करा आणि सावकाश भिंतीकडे न्या. आता हात तिथेच ठेवून थांबा. वजन हाताला फारसं लागत नाही, ते वरच्या नळीनं उचललेलं आहे. हाताला लागते ती ओढ. पडदा आपल्या जागी, खिडकीच्या मध्याकडे परतायला बघतो आणि मुठीला थोडं वरही खेचतो. भिंतीत बसवलेल्या हुकाला किंवा होल्डरला आयुष्यभर हीच ओढ सोसायची असते.

मूठ तशीच ठेवून उंची बघा. पडद्याच्या अगदी मध्यावर धरलंत तर वर-खाली दोन सारखे तुकडे होतात आणि जाड कापड कंबर आवळल्यासारखं फुगतं. मूठ हळूहळू खाली सरकवा. खालून एक तृतीयांशावर, म्हणजे सात फुटी पडद्याला जमिनीपासून साधारण अडीच फुटांवर, कापड मोकळं पडायला लागतं. वरचा भाग लांब उतरतो, खालचा सरळ राहतो. आतली खालची कड थोडी उचलली जाईल, तीन-चार इंच. मध्यावर बांधलं असतं तर ती याहून जास्त उचलली असती. मला स्वतःला अडीच ते तीन फुटांमधली जागा आवडते. खिडकीची खालची कड बहुतेक घरांत तीन फुटांवर असते, तिच्या किंचित खाली बांध आला की डोळ्याला खटकत नाही. घरातल्या कुणाला तरी पडदा तसाच धरून उभं राहायला सांगा, तुम्ही पलंगावर जाऊन बसा, जेवायला बसता तिथे बसा, आणि मग पेन्सिलची खूण करा. दुसऱ्या बाजूची खूण जमिनीपासून मोजू नका. जुन्या घरांच्या फरश्या उताराच्या असतात. वरच्या नळीपासून खाली मोजा.

खूण खिडकीच्या चौकटीला अगदी चिकटूनही नको. काठाजवळ गिट्टी फुगली की कोपरा फुटतो. भिंतीच्या काठापासून तीन-चार बोटं आत या.

आता खुणेवर तळहात ठेवा आणि भिंतीचा विचार करा. वाड्यातली खुंटी आठवते? तिला पागोटं, पिशवी, कंदील, काहीही अडकवा, ती हलत नसे. लाकडाचा मोठा भाग बांधकामाच्या वेळीच भिंतीच्या पोटात जायचा, बाहेर वीतभरही नसायचा. दुकानात मिळणारा होल्डर नेमका उलटा असतो. बाहेर चार इंचांचा सुंदर वळणदार दांडा, आणि मागे दोन इंचांची गोल चकती, एक इंची दोन स्क्रू. दांड्याच्या टोकाला पाच किलोची ओढ बसली, आणि धावणारं मूल एवढी ओढ सहज लावतं, तर चकती खिडकीकडच्या कडेवर टेकून उलटायला बघते. दांडा चार इंच, त्या कडेपासून स्क्रू एक इंचावर. म्हणजे पाचाचे वीस किलो होतात आणि ते दोन स्क्रूंना भिंतीतून बाहेर ओढतात.

आमच्या घरी हे झालं. नात पडद्याआड लपायला धावली आणि होल्डर गिलाव्याच्या खपलीसकट खाली आला. तिला लागलं नाही, पण मी ती खपली उचलून बराच वेळ बघत राहिलो. पाऊण इंच जाड सिमेंटचा गिलावा, त्यात प्लॅस्टिकची गिट्टी बसलेली, आणि मागे विटेत पाव इंचाचंसुद्धा भोक नाही. बसवणाऱ्यानं पाकिटातले स्क्रू वापरले होते. पाकिटातला स्क्रू गिलाव्यापुरताच असतो, आणि गिलावा म्हणजे भिंत नव्हे.

म्हणून भोक पाडताना भुकटीकडे बघा. सहा मिलिमीटरच्या बिटाला टोकापासून अडीच इंचांवर चिकटपट्टी गुंडाळा, म्हणजे खोली कळेल. ड्रिल हळू चालवा. आधी करडी भुकटी पडेल, तो गिलावा. मग रंग बदलून लाल होईल. ती वीट, आपल्याला हवी ती जागा. लाल येता येता पुन्हा करडी आली आणि बिट एकदम सैल आत गेलं, तर तुम्ही विटांच्या सांध्यात आहात. इंचभर वर किंवा खाली सरका. करडी भुकटी संपतच नसेल आणि बिट ठणठणत असेल, तर मागे काँक्रीटचा खांब आहे. तिथे हॅमर ड्रिल लागेल, पण पकड उत्तम मिळेल. आणि खिडकीशेजारी विजेचा बोर्ड असेल तर त्याच्या सरळ वर-खाली भोक पाडूच नका, वायरचा पाइप बहुतेक तिथूनच जातो.

भोक सायकलच्या पंपानं फुंकून साफ करा. आत भुकटी राहिली तर गिट्टी फिरते. दीड इंची गिट्टी गिलाव्यापाशी थांबवू नका, खिळ्याच्या डोक्यानं ठोकून तिचं तोंड गिलाव्याच्या मागे न्या. मग अडीच इंची, आठ नंबरचा स्क्रू. शेवटचे दोन-तीन फेरे हातानं पिळा. हाताला वाढता विरोध जाणवला पाहिजे. स्क्रू नुसताच गोल फिरू लागला तर ते भोक गेलं.

नायलॉनची फुगणारी गिट्टी जर्मनीत आर्टूर फिशर यांनी 1958 मध्ये केली. तिचं सगळं बळ भोवतालच्या कडकपणात आहे. भिंत दाबायला घट्ट असेल तरच ती धरते. आपल्या भागातल्या पांढऱ्या मातीच्या भिंतीत ती निरुपयोगी ठरते. तिथे ड्रिल आवाजच करत नाही, मऊ फिकट माती गळत राहते आणि भोक आपोआप मोठं होतं. अशा भिंतीला खुंटीचीच रीत लावावी लागते. छिन्नीनं तीन-चार इंच खोल चौकोनी खाच काढा, तोंडाशी अरुंद, आत रुंद. बाभळीचा किंवा सागाचा ठोकळा त्याच आकाराचा, मागे रुंद, वाळवीसाठी डांबर लावलेला. तोंड अरुंद असल्यानं तो सरळ जात नाही. खाच एका बाजूनं थोडी मोठी ठेवून तिरपा आत घालायचा आणि ती बाजू विटांच्या तुकड्यांनी व सिमेंटच्या मालानं भरायची. खाच आधी हलकी ओली करा, माती पाणी पिऊन माल कोरडा करते. फार पाणी मात्र नको, माती विरघळते.

मग आठवडाभर काही अडकवू नका. रोज सकाळी जाता-येता मालावर पाण्याचा हात फिरवा. आठव्या दिवशी ठोकळ्यात स्क्रू बसवा, होल्डर लावा, आणि पडद्याआधी त्याच्या टोकाला पाच लिटर पाण्याचा कॅन रात्रभर टांगून ठेवा. सकाळी चकतीच्या कडेभोवती नख फिरवून बघा. केसाएवढी फट दिसली तर कॅन उतरवा आणि ठोकळा पुन्हा बसवा. फट नसेल तर पडद्याच्या चुण्या गोळा करा आणि पट्टा बांधा, पट्ट्यात आपला तळहात सैल शिरेल इतका.