‘नाही’पर्यंत पुरणारा श्वास

नाशिकची वसंत व्याख्यानमाला दर मे महिन्यात गोदाकाठी, यशवंतराव महाराज पटांगणावर भरते. तिने शंभरी ओलांडली आहे. उघडे पटांगण, नदीवरून येणारा वारा आणि समोर वर्षानुवर्षे ऐकून कान तयार झालेले श्रोते, अशा ठिकाणी मुख्य वक्ता सहसा मुरलेला असतो. त्याच्या आधी प्रास्ताविक करणारा आणि त्याच्यानंतर आभार मानणारा मात्र कित्येकदा आयुष्यात पहिल्यांदा माईकसमोर उभा राहिलेला असतो. त्याच्या हातात कागद असतो, मजकूर बरा असतो, तरी ऐकताना काहीतरी निसटत राहते. याचा दोष आपण धीटपणाच्या अभावाला देतो आणि ‘घाबरू नकोस’ म्हणून मोकळे होतो. पण नेमके काय निसटते ते कान देऊन ऐकले, तर एक गोष्ट पुन्हा पुन्हा जाणवते. वाक्याची सुरुवात स्वच्छ ऐकू येते, मधला भाग घाईत जातो आणि शेवटचे दोन शब्द विझतात. मराठीत हे विझणे फार महाग पडते, कारण आपले क्रियापद शेवटी येते आणि नकारही बहुतेक वेळा त्याच्याच सोबतीने येतो. होकार आहे की नकार, झाले की व्हायचे आहे, हा सगळा निवाडा ‘आहे’, ‘नाही’, ‘नव्हते’, ‘हवे’ अशा टोकाच्या शब्दांवर असतो आणि नवख्याचा श्वास नेमका तिथेच संपतो. म्हणून भाषणाच्या कागदावर खुणा करताना पहिला विचार आवाजाच्या चढउताराचा नको. वाक्याच्या शेवटच्या अर्थगटाला पुरेल इतकी हवा आधी कुठे भरून घ्यायची, याचा हवा.

भीतीत श्वासाचे काय होते ते आधी पाहू. निवांत बसलेला माणूस मिनिटाला साधारण १२ ते २० वेळा श्वास घेतो आणि घेण्या-सोडण्याला जवळपास सारखाच वेळ देतो. बोलताना हे प्रमाण बदलते. श्वास झटकन आत येतो आणि बोलता बोलता सावकाश बाहेर जातो. भीतीने श्वास छातीच्या वरच्या भागात अडकतो, उथळ आणि भराभर होतो, त्यामुळे एका दमात जाणारे शब्द कमी होतात. बोलण्याचा वेग उलट वाढतो. म्हणजे हवा कमी आणि खर्च घाईचा. घरी खुर्चीत बसून कागद वाचताना जे वाक्य एका दमात सहज जाते, ते पटांगणावर जात नाही. यासाठी श्वासाच्या खुणा घरच्या श्वासावर बेतायच्या नाहीत, घरी लागतात त्याहून जास्त करायच्या. सेकंदाला पाचेक उच्चारी अक्षरे असा मध्यम वेग धरला, तर २० ते २५ अक्षरांनंतर एक श्वास हा नवख्यासाठी सोसवणारा अंदाज आहे. हा नियम नव्हे, कामाचा अंदाज आहे. कागदावरच्या वाक्यात श्वासाची जागा नसेल आणि लांबी ६० अक्षरांवर गेली असेल, तर तिथे अपघात होणार हे आधीच कळते.

आता एक वाक्य घेऊ. प्रास्ताविकात सहज लिहिले जाईल असे: ‘गोदावरीच्या पाण्याचा प्रश्न हा केवळ नदी स्वच्छ करण्यापुरता मर्यादित नसून शहराच्या सांडपाण्याचे आपण काय करतो याच्याशी जोडलेला आहे हे आपण अद्याप पुरेसे लक्षात घेतलेले नाही.’ व्याकरणात चूक नाही, अर्थही चांगला. उच्चारी अक्षरे ६५च्या आसपास, म्हणजे तेरा सेकंद. छापताना फार तर ‘नसून’नंतर एक स्वल्पविराम पडेल. नवखा वक्ता तो पाहून तिथे थांबतो, पुढची चाळीसेक अक्षरे एका दमात ओढतो, ‘घेतलेले’पर्यंत येतो आणि ‘नाही’ ओठांतच राहते. मागच्या रांगेत बसलेल्याला ऐकू येते की आपण ते पुरेसे लक्षात घेतलेले आहे. वक्त्याने तक्रार मांडली आणि श्रोत्यापर्यंत प्रशस्ती पोहोचली.

थांब्याच्या खुणा दोनच पुरेत. एक तिरकी रेघ म्हणजे श्वास न घेता क्षणभर थांबणे, दोन तिरक्या रेघा म्हणजे श्वास. शिवाय जिथे जोर द्यायचा त्या शब्दाखाली आडवी रेघ. या खुणांनी ते वाक्य असे होईल: ‘गोदावरीच्या पाण्याचा प्रश्न हा / केवळ नदी स्वच्छ करण्यापुरता मर्यादित नसून // शहराच्या सांडपाण्याचे आपण काय करतो / याच्याशी जोडलेला आहे // हे आपण अद्याप / पुरेसे लक्षात घेतलेले नाही.’ आडवी रेघ ‘सांडपाण्याचे’ या एकाच शब्दाखाली. दुसरा श्वास ‘आहे’नंतर घेतल्यामुळे शेवटच्या गटात १५-१६ अक्षरेच उरतात आणि ‘नाही’ भरल्या छातीने उच्चारले जाते. त्या शब्दाखाली मुद्दाम रेघ मारलेली नाही. नकाराला जोर लागत नाही, त्याला हवा लागते. हवा असली की तो आपोआप ऐकू येतो. जोराची रेघ मारली तर वक्ता ‘नाही’ ओरडून म्हणेल आणि साधे विधान फटकारल्यासारखे वाटेल.

रेघ कुठे मारायची नाही हे कळणे तितकेच मोलाचे. ‘शहराच्या’ आणि ‘सांडपाण्याचे’ यांच्यामध्ये थांबता येत नाही, कारण षष्ठीचा ‘च्या’ पुढच्या नामाची वाट पाहत असतो. ‘लक्षात’ आणि ‘घेतलेले नाही’ यांच्यामध्येही नाही. मराठीत ज्या शब्दावर भर असतो तो बहुधा क्रियापदाच्या लगेच आधी येऊन बसतो, म्हणून तो शब्द आणि पूर्ण क्रियापद हा एकच गट मानावा आणि श्वास त्या गटाच्या आधी घ्यावा. ‘की’ मागच्या शब्दाला चिकटतो, तेव्हा थांबा त्याच्यानंतर. ‘पण’ आणि ‘कारण’ पुढच्या विचाराची सुरुवात करतात, तेव्हा थांबा त्यांच्याआधी. शब्दाला ‘च’ लागला असेल तर जोर भाषेनेच दिलेला आहे, वर आवाजाचा जोर चढवला की तेच बोलणे हट्टी वाटू लागते. आणि ‘अत्यंत’, ‘मनःपूर्वक’, ‘खूप’ यांच्याखाली रेघ मारण्याचा मोह टाळावा. नवख्याचे भाषण कृत्रिम वाटते ते बहुतेक याच शब्दांवर जोर पडल्यामुळे. आपण एरवी बोलताना जोर देतो तो नव्या माहितीवर, आकड्यावर, नावावर, तुलनेतल्या दुसऱ्या बाजूवर.

यावर पहिला आक्षेप असा की विरामचिन्हे असताना वेगळ्या खुणा कशाला? पण मोडी कागदपत्रांत शब्दांमध्येसुद्धा जागा सोडत नसत. आजची विरामचिन्हे मराठीत रुळली ती एकोणिसाव्या शतकात, मेजर थॉमस कँडी यांच्यासारख्यांच्या प्रयत्नांतून, छापील मजकूर डोळ्यांना नीट कळावा म्हणून. स्वल्पविराम वाक्याची रचना दाखवतो. वाचणाऱ्याच्या फुप्फुसात किती हवा उरली आहे हे त्याला ठाऊक नसते. वरच्या वाक्यात सर्वांत गरजेचा श्वास ‘जोडलेला आहे’ आणि ‘हे आपण’ यांच्यामध्ये होता, आणि तिथे स्वल्पविराम द्यायचे कुणाच्या मनातही येणार नाही.

दुसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे. खुणा पाहून बोललेले भाषण पाठ केल्यासारखे वाटते, आपल्याकडे तर कागदाशिवाय तासन्‌तास बोलणाऱ्या कीर्तनकारांची परंपरा आहे, असे म्हटले जाते. कीर्तनाकडे मात्र नीट पाहावे. नारदीय कीर्तनाला पूर्वरंग-उत्तररंगाची ठरलेली चौकट असते. वारकरी कीर्तनात बुवांच्या मागे टाळकरी उभे असतात. बुवा निरूपण करतात, चरण आला की टाळकरी तो उचलून धरतात आणि तेवढ्या वेळात बुवांना दम घेता येतो, पुढचा विचारही जुळवता येतो. विसाव्याच्या जागा त्या परंपरेने मांडणीतच बसवलेल्या आहेत. प्रास्ताविक करणाऱ्याच्या मागे कोणी टाळकरी नसतो. त्याच्या विसाव्याच्या जागा त्याला कागदावरच कराव्या लागतात. आक्षेपात तथ्य आहे ते एवढेच की फार खुणा घातक ठरतात. प्रत्येक ओळीत तीन शब्दांखाली रेघा असल्या की वक्तृत्व स्पर्धेतली ती ओळखीची चाल तयार होते, दर चौथ्या शब्दाला हेल आणि टाळीची वाट पाहणारा थांबा. त्यातही खुणा शिक्षकांनी किंवा पालकांनी केलेल्या असतील तर मूल मोठ्या माणसाच्या श्वासाने बोलायला जाते आणि धापा टाकते. खुणा बोलणाऱ्यानेच, मोठ्याने म्हणून पाहत, पेन्सिलीने कराव्यात. एका वाक्यात जोर एकदाच, आणि पुष्कळ वाक्यांत तोही नको.

कोणी विचारेल की अशी लांब वाक्ये लिहावीतच का? लिहूच नयेत. खुणा करण्याचा मोठा फायदा हाच की न बोलवणारे वाक्य उघडे पडते. वरचे वाक्य मोडून ‘हा प्रश्न नदी स्वच्छ करण्याचा नाही. शहराच्या सांडपाण्याचं आपण काय करतो, त्याचा आहे’ असे केले तर निम्म्या रेघा गळून पडतात. तरी आभाराच्या भाषणातली नावे आणि पदे मोडता येत नाहीत. तिथे नाव आणि आडनाव यांच्यामध्ये कधीच श्वास नको. दोन-तीन नावांनंतर एक श्वास आणि शेवटच्या नावाआधी एक जास्तीचा, म्हणजे ‘यांचे आभार मानतो’ हे शब्द दबणार नाहीत. पहिल्या वाक्याआधीही दोन रेघा असाव्यात, पण तिथे छाती फुगवायची नसते. घाबरलेला माणूस आधीच अर्धवट भरलेल्या छातीत आणखी हवा कोंबतो आणि पहिले शब्द उधळतात. आधी श्वास सोडावा, मग जेवढा सहज येईल तेवढा घ्यावा.

खुणा बरोबर पडल्या का, ते मोबाइलवर ध्वनिमुद्रण करून, कागद उपडा ठेवून ऐकल्यावर कळते. प्रत्येक वाक्याचा शेवटचा शब्द स्वच्छ ऐकू आला पाहिजे. श्वास घेतल्याचा आवाज येत असेल तर ती खूण उशिरा पडली आहे, ती एक गट मागे सरकवावी. थांबे सारख्याच अंतराने येत असतील तर ते अर्थाने नव्हे, ओळीच्या लांबीने पडले आहेत. अशा वेळी मजकूर मोठ्या अक्षरांत उतरवावा आणि दोन रेघा आल्या की ओळ मोडावी, म्हणजे नजर खाली उतरते तेवढ्यात श्वास होतो. क्रियापद पुढच्या पानावर जाऊ देऊ नये. शेवटची दुरुस्ती प्रत्यक्ष जागेवर होते. आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो, त्यामुळे ७० मीटरवरच्या भिंतीवर आदळून आलेला शब्द बोलणाऱ्याच्या कानावर जवळपास अर्ध्या सेकंदाने परत येतो आणि पुढच्या शब्दावर चढतो. अशा पटांगणावर दोन रेघांचा थांबा, आपला मागचा शब्द परत ऐकू येऊन विरेपर्यंत धरावा. बोलणाऱ्याला तो अवघडण्याइतका लांब वाटतो. मागच्या रांगेतल्या माणसाला वाक्य समजायला मात्र तेवढा वेळ लागतोच.