सात ते दहा : दस्तरखानाची तीन वर्षे



अपत्याला सातव्या वर्षी नमाजची आज्ञा द्यावी आणि दहाव्या वर्षी त्याबाबत कठोर व्हावे, या आशयाची हदीस अबू दाऊद यांच्या संग्रहात आहे आणि ती आपल्यापैकी बहुतेकांना ठाऊक आहे. परंतु आपल्या घरांतून त्यातले ‘दहा’ तेवढे लक्षात राहते आणि मधली तीन वर्षे विसरली जातात. चांद्र वर्षाचे दिवस ३५४. दिवसातून पाच वेळा याप्रमाणे तीन वर्षांत पाच हजारांहून अधिक वेळा आईबापाने मुलाला हाक मारायची, सोबत न्यायचे, चुकले तर पुन्हा दाखवायचे. जाब विचारण्यापूर्वी शिकवण्याची एवढी मोठी मुदत शरीअतने दिलेली आहे. नमाजसारख्या फर्ज इबादतीसाठी जर हा क्रम, तर घरकामात आपण मुलाला एकदा सांगून दुसऱ्या दिवशी रागावतो, ते कोणत्या आधारावर?

हा क्रम रात्रीच्या दस्तरखानाला लावून पाहू. तीन-चार वर्षांच्या मुलाच्या हाती स्टीलचा रिकामा पेला द्यावा, एका खेपेला एकच. चार पेल्यांसाठी चार खेपा होतील, जेवण पाच मिनिटे लांबेल, लांबू द्यावे. पाच-सहा वर्षांचे मूल घरातील माणसे मोजून तितक्या थाळ्या मांडू शकते, मीठ आणि लिंबू आणून ठेवू शकते, जेवणानंतर सांडलेली शिते वेचू शकते. इथपर्यंत ही केवळ मदत आहे, कारण काम आठवण्याचा भार अजून आईवरच असतो.

सातव्या वर्षी हा भार सरकवायला आरंभ करावा. दस्तरखान अंथरण्यापासून तो झटकून घडी घालण्यापर्यंतचे सारे काम एकाच मुलाचे, रोजचे. त्याला घड्याळाची वेळ न देता घरातली खूण द्यावी : अब्बा इशाची नमाज पढून दारात आले की दस्तरखान. पहिले काही आठवडे त्याच्यासोबत करावे, मग शेजारी नुसते उभे राहावे, मग दुसऱ्या खोलीत बसावे. सलग आठवडाभर आठवण न देता काम झाले, तर ते आता त्याचे झाले असे समजावे आणि पुढचे काम जोडावे. आठ-नऊ वर्षांच्या मुलाला खरकट्या थाळ्या विसळणे जमते, दहाव्या वर्षी मोठ्यांच्या देखत काकडी-कांदा चिरणेही. उकळत्या सालनाचे पातेले, कुकर आणि गॅस मात्र याहून पुढची गोष्ट आहे. तेथे वयापेक्षा मुलाची उंची आणि मनगटातली ताकद पाहावी. ओट्यावरचे पातेले ज्याच्या छातीशी येते, त्याच्या हाती ते देऊ नये.

हे सारे मुलग्यांनाही लागू आहे. प्रेषित (स.) घरी असताना घरच्यांच्या कामात असत, असे हजरत आयशा (रजि.) यांनी सांगितले आहे. बहिणीने थाळी उचलायची आणि भावाने हात धुऊन निघून जायचे, ही रीत आपण सुन्नतमधून घेतलेली नाही.

बिघडते ते बहुधा दोन ठिकाणी. मुलाने अंथरलेला दस्तरखान जरा तिरपा दिसला की आई त्याच्या देखत तो सरळ करते, आणि मूल मनाशी समजून चुकते की हे काम अखेर अम्मीचेच आहे. दुसरे म्हणजे विसरल्यावरची आपली जीभ. हजरत अनस (रजि.) सुमारे दहा वर्षांचे असताना प्रेषितांच्या (स.) सेवेत आले. एकदा कामासाठी पाठवले असता ते बाजारात खेळणाऱ्या मुलांत रमले. प्रेषित (स.) मागून आले, त्यांची मान हळूच धरली आणि हसत हसत, लाडाने ‘उनैस’ म्हणून हाक मारून, सांगितले होते तिकडे गेलास का, एवढेच विचारले. हजरत अनस म्हणाले, होय, आता निघालोच. ‘सहीह मुस्लिम’मधील या प्रसंगात दोन गोष्टी एकत्र आहेत : प्रेषित (स.) रागावले नाहीत आणि ते काम त्यांनी दुसऱ्याकडेही सोपवले नाही.

मी स्वतः यात चुकलो आहे. माझा मुलगा सात वर्षांचा असताना पाणी ठेवायला हमखास विसरे, आणि दरवेळी मीच उठून तांब्या आणी. दोन महिने असेच गेले, सुधारणा शून्य. मग त्याच्या आईने मला बसून राहायला सांगितले. त्या रात्री बिस्मिल्लाह म्हणून आम्ही जेवू लागलो. तिसऱ्या घासाला दादीला ठसका लागला. मुलाने दस्तरखानावर नजर फिरवली, माझ्याकडे पाहिले. मी उठलो नाही. तो धावत गेला, तांब्या भरून आणला आणि प्रथम दादीचा पेला भरला. त्यानंतरही तो चार-पाचदा विसरला; आम्ही फक्त रिकाम्या पेल्याकडे पाहत असू. आता तो नऊ वर्षांचा आहे, आणि पाहुणे आले की किती पेले लागतील ते तोच आम्हाला विचारतो.