विम्याची झोप

जवाहर चौकात भाजी घेताना शेजारच्या वहिनी म्हणाल्या, "अहो, पाच लाखांचा विमा आहे ना? मग व्याज जास्त तिथेच एफडी करायची!" मला मुंबईची पीएमसी बँक आठवली.

सप्टेंबर २०१९मध्ये रिझर्व्ह बँकेने निर्बंध घातले, तेव्हा खात्यातून आधी फक्त हजार रुपये काढता येत होते. सत्तर टक्क्यांहून अधिक कर्ज एकाच बांधकाम समूहाकडे अडकलेलं होतं. विमा तेव्हा लाखाचाच; पाच लाखांचा झाला फेब्रुवारी २०२०मध्ये.

विमा हवाच. ठेवी कर्जात गुंतलेल्या असतात. सगळे एकाच दिवशी मागायला गेले तर चांगली बँकही बसते. पैसे परत मिळणार हे ठाऊक असलं की कुणी पहाटे रांग लावत नाही. पण रांगेची भीती गेली की बँकवाल्याचा धाकही जातो. विम्याचा हप्ताही वर्षानुवर्षे सावध बँकेला नि बेफिकीर बँकेला एकाच दराने लागत आला. जोखमीचं कर्ज फळलं तर नफा तिचा. बुडालं तर भरपाई सगळ्या बँकांच्या हप्त्यांतून.

दुसऱ्या दिवशी मी वहिनींना विचारलं, "ही बँक जास्तीचं व्याज आणते कुठून?"

"ते रिझर्व्ह बँक बघेल," त्या म्हणाल्या, आणि मेथीची जुडी निवडू लागल्या.