पहिल्या पानावर कोणाची जागा?

२६ ऑगस्ट २०२२ रोजी घुग्घुस या कोळसा खाणींच्या गावातल्या आमराई वॉर्डात एक राहतं घर बघता बघता जमिनीत गेलं. हादरे जाणवताच घरातली माणसं बाहेर पळाली म्हणून जीव वाचले. घर मात्र ६०-७० फूट खोल खड्ड्यात गडप झालं. या वस्तीखाली जुनी, बंद पडलेली भूमिगत कोळसा खाण आहे. आसपासच्या दीडशेच्या वर कुटुंबांना त्यानंतर आपली घरं सोडून दुसरीकडे जावं लागलं.

अशा वस्तीतल्या तरुणांनी उद्या स्वतःचं पहिलं संकेतस्थळ करायचं ठरवलं, तर ते कसं होईल? आपल्याकडचा रिवाज पाहता चित्र डोळ्यांपुढे येतं. वर समितीचं नाव, खाली अध्यक्ष, उपाध्यक्ष, सचिव यांचे फोटो, मग मान्यवरांचे शुभसंदेश, मग निवेदन देतानाची छायाचित्रं, गावाचा इतिहास, बातम्यांची कात्रणं आणि तळाशी ‘आमच्याशी संपर्क साधा’. चौकात लावलेल्या फ्लेक्सचंच हे रूप झालं. ज्या घराच्या भिंतीला आज सकाळी तडा दिसला, त्या घरातल्या बाईला या पानावर जागाच नाही. तिला तिथे नुसतं बघायला बोलावलेलं असतं.

संकेतस्थळ करण्याआधी तीन गोष्टी ठरवायच्या असतात: ते कशासाठी, मुख्यतः कोणासाठी, आणि त्या माणसाने तिथे येऊन कोणतं एक काम करायचं. लोकांना ही तांत्रिक पूर्वतयारी वाटते आणि ती डिझायनरवर सोपवून मंडळी मोकळी होतात. माझ्या मते तो आधी नीतीचा निर्णय आहे. सार्वजनिक कामाच्या पहिल्या पानावर कोणाला बसवायचं, कोणाला मागे सरायला सांगायचं, हे बाहेरचा कारागीर ठरवू शकत नाही. ते समितीनेच, आणि तेही पैसे खर्च होण्याआधी, समोरासमोर बोलून ठरवायला हवं.

आमराईचंच उदाहरण घेऊ. हेतू काय, असं बैठकीत विचारलं की पहिलं उत्तर येतं, ‘लोकांमध्ये जागृती करणं.’ याचा हेतू म्हणून काही उपयोग नाही, कारण तो साधला की फसला हे कधीच कळणार नाही. दुसरं उत्तर येतं, ‘पुनर्वसन मिळवून देणं.’ ते खरं आणि मोठं काम आहे. पण ते कार्यालयांत, बैठकांत आणि गरज पडली तर न्यायालयात होईल. संकेतस्थळाच्या हातून होईल असं काय आहे, ते शोधायला आधी जमिनीखाली काय घडतं ते पाहावं लागतं.

भूमिगत खाणीत कोळसा काढताना छत तोलून धरायला कोळशाचेच खांब मध्ये मध्ये सोडलेले असतात. खाण बंद झाल्यावर पोकळ्या वाळूने नीट भरल्या नसतील, तर वर्षानुवर्षं पाणी शिरतं, खांब झिजतात, छताचे थर एकेक करून खाली पडतात आणि पोकळी वर वर सरकत येते. खाण उथळ असेल तर शेवटचा थर अचानक ढासळतो आणि जमिनीत विहिरीसारखा खड्डा पडतो. त्याआधी दरवेळी पूर्वसूचना मिळेलच असं नाही. पण जमीन हळूहळू सरकत असेल तर काही खुणा दिसतात: खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपा निघालेला तडा, एका टोकाला रुंद होत जाणारी भेग, कालपर्यंत नीट लागणारं आणि आज चौकटीत अडकणारं दार, अंगणातून फरशीपर्यंत आलेली चीर.

एका घरातली अशी खूण काहीच सांगत नाही. प्लास्टर वाळूनही भेगा पडतात, आणि उघड्या खाणीतल्या स्फोटांचे हादरे बसणाऱ्या गावात तडे नवे नाहीत. पण एकाच गल्लीतल्या सहा घरांत एकाच महिन्यात दारं अडकू लागली, तर ती गोष्ट खाणीच्या अभियंत्याने तातडीने येऊन पाहण्यासारखी आहे. आज या सहा घरांना एकमेकांचं माहीत नसतं. कोणी शेजारणीला सांगतं, कोणी व्हॉट्सॲपच्या गटात फोटो टाकतं आणि संध्याकाळपर्यंत तो वाढदिवसाच्या शुभेच्छांखाली दबून जातो. तारीख राहत नाही, जागा राहत नाही, मागच्या महिन्याशी तुलना तर होऊच शकत नाही.

इथे हेतू सापडतो: वस्तीतल्या प्रत्येक नव्या तड्याची तारीखवार, जागेसह नोंद व्हावी आणि ती ठरलेल्या दिवसांत जबाबदार माणसापर्यंत पोचावी. हे झालं की नाही, ते महिन्याच्या शेवटी मोजता येतं. किती जणांनी पान उघडलं हा आकडा त्यासाठी निरुपयोगी आहे. किती नोंदी आल्या आणि त्यांतल्या किती घरांत कोणीतरी प्रत्यक्ष जाऊन आलं, हेच पाहायचं.

आता मुख्य माणूस. बैठकीत सगळ्यात जास्त वाद इथे होईल, आणि व्हायलाच हवा. पत्रकारांनी पाहावं, कलेक्टरसाहेबांनी पाहावं, खाण कंपनीच्या नागपूरच्या मुख्यालयाने पाहावं, मुंबई-पुण्याच्या देणगीदारांनी पाहावं, असं प्रत्येकाला वाटतं. यातलं कोणीही वाईट नाही. पण पान अधिकाऱ्यासाठी लिहिलं की त्याची भाषा निवेदनाची होते आणि देणगीदारासाठी लिहिलं की वस्तीचं दुःख मांडून ठेवावं लागतं. म्हणून निवड करावी लागते. मी निवडीन ती तडा गेलेल्या घरात दिवसभर असणारी बाई. तिच्याकडे साधा स्मार्टफोन आहे, बहुधा काच फुटलेला, आणि तो मुलगा शाळेतून आल्यावर त्याच्या हातात जातो. खाणींमुळे दूरदूरची माणसं घुग्घुसला येऊन राहिली, म्हणून घरात मराठीबरोबर हिंदी किंवा तेलुगू बोलली जात असेल. आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे ती राहते ती जागा तिच्या किंवा नवऱ्याच्या नावावर नसण्याची शक्यता मोठी आहे.

या शेवटच्या वाक्यावर सगळं अडतं. जिच्याकडे पट्टा नाही, ती तडा दिसला तरी गप्प बसते. तक्रार केली तर अतिक्रमण म्हणून आपल्यालाच उठवतील, ही भीती तिच्या मनात असते. अशा बाईपुढे नोंदीचा अर्ज ठेवून त्यात घरटॅक्सचा क्रमांक, आधार क्रमांक आणि मालकाचं नाव विचारलं, तर ती पान बंद करील आणि आपल्याला ते कळणारही नाही. ज्यांना धोका सर्वांत जास्त, नेमक्या त्यांच्याच नोंदी येणार नाहीत. उलट कागदपत्रं पक्की असलेल्या घरांतून नोंदी येतील आणि धोका तिकडेच आहे असं नकाशा खोटंच सांगेल. मुख्य माणूस आधी ठरवला नाही तर काय बिघडतं, ते इथे दिसतं. अर्जातला एक अनावश्यक रकाना वस्तीतला सर्वांत असुरक्षित भाग हिशोबातून पुसून टाकू शकतो.

माणूस असा डोळ्यांपुढे उभा राहिला की काम आपोआप अरुंद होत जातं. पानावर एकच मोठं बटण: ‘तडा कळवा’. ते दाबलं की चार गोष्टी विचारायच्या. तड्याचा फोटो, शेजारी मोजपट्टी किंवा एक रुपयाचं नाणं ठेवून, म्हणजे रुंदीचा अंदाज येईल. कधीपासून दिसतो. दार-खिडकी अडकते का, फरशी किंवा अंगण फाटलं आहे का. आणि घर कुठे, तर वॉर्ड आणि जवळची ओळखीची खूण. फोन नंबर ऐच्छिक ठेवावा. दिला तर तो फक्त परत फोन करण्यासाठी वापरला जाईल, असं तिथेच एका ओळीत लिहावं. नोंद झाली की तिला एक क्रमांक आणि तारीख मिळावी. पुढे कोणी म्हणालं की तुम्ही आधी कधी कळवलंच नाही, तर तो क्रमांक तिच्या हातात असेल. तिने त्याच तड्याच्या दोन टोकांना पेन्सिलने खूण करून तारीख टाकावी आणि पंधरा दिवसांनी पुन्हा फोटो पाठवावा, एवढंच नंतर सांगायचं.

बाकीचं सगळं, म्हणजे इतिहास, समिती, निवेदनं, कात्रणं, आत दुसऱ्या पानावर ठेवता येईल. ते नको असं मी म्हणत नाही. अध्यक्षांच्या फोटोला मात्र पहिल्या पानावर जागा देऊ नये, आणि हे अध्यक्षांनीच उठून सांगितलं तर समितीतले पुढचे अनेक वाद सुरूच होणार नाहीत.

एक मर्यादा ठळक लिहायला हवी. जमिनीतून आवाज येतोय, घर हलतंय, अशा वेळी कोणीही अर्ज भरत बसू नये. बटणाच्याही वर लिहावं: घर हलत असेल तर लगेच बाहेर पडा आणि ११२ वर फोन करा. जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षाचा १०७७ हा क्रमांकही तिथेच असावा, आणि दोन्ही क्रमांक बोट लावताच लागतील असे. हे पान हळू सरकणाऱ्या धोक्यासाठी आहे; अचानक कोसळण्यापासून ते कोणाला वाचवू शकत नाही, हे लपवणं पाप ठरेल.

आणि पलीकडच्या टोकाला कोण? नोंद आल्यावर ती कोण उघडणार, किती दिवसांत घरी जाणार, नगर परिषद, तहसील, खाणीचं कार्यालय आणि गरज पडल्यास नागपूरचं खाण सुरक्षा कार्यालय यांच्याकडे कोणाच्या सहीने पाठवणार? दोन माणसांनी आठवड्यातला एकेक दिवस यासाठी बांधून घेतला नसेल, तर संकेतस्थळ करू नये. आपण कळवलं आणि काहीच झालं नाही, असा अनुभव एकदा घेतलेली बाई पुढच्या वेळी शेजारणीलाही सांगणार नाही.

म्हणून माझा आग्रह आहे की आधी महिनाभर हेच काम वहीवर चालवावं. अंगणवाडीजवळच्या एखाद्या घरी वही ठेवावी, त्यात तेच चार प्रश्न. कोण येतं, कोणता प्रश्न चुकीचा समजला जातो, कोणत्या प्रश्नाला लोक बिचकतात, हे वही स्वस्तात शिकवते. मग पानाचा कच्चा नमुना घेऊन वस्तीतल्या पाच बायकांकडे जावं, फोन त्यांच्या हातात द्यावा, ‘तुमच्या भिंतीचा तडा कळवा’ एवढंच सांगून गप्प बसावं. कुठे बोट थांबतं ते पाहावं, मदत करू नये. पाचांतल्या तिघी एकाच ठिकाणी थांबल्या तर तिथे चूक पानाची आहे.

नोंदींचा नकाशा जाहीर करायचा का, हा प्रश्न लवकरच येईल. गल्लीपर्यंतची संख्या जाहीर करावी, घर दाखवू नये. कोणाचं घर धोक्यात आहे हे जगाला कळलं की भाडेकरू जातो, लग्न मोडतं, पट्टा नसलेल्याला दटावायला कोणाच्या तरी हाती कागद येतो. ज्या बाईला आपण पहिल्या पानावर बसवलं, तिला विचारल्याशिवाय तिचं घर नकाशावर टाकण्याचा अधिकार समितीलाही नाही.