चिनूचा डबा

चिनू जूनमध्ये पहिलीत जाणार. त्याची आई आणि आयुष्यभर पहिलीला शिकवून निवृत्त झालेल्या बाई ओट्यावर बोलत होत्या. मी शेजारीच बसले होते.

"बाई, तयारीच्या या यादीवर खुणा करायला बसले आणि चिनू दिसेनासाच झाला. नुसते रिकामे रकाने दिसतात. फेकून द्यावीशी वाटते. पण फेकली आणि काही खरंच राहून गेलं तर?"

"काय येत नाही त्याला?"

"क काढता येत नाही. दोन मिनिटांत हात दुखतो म्हणतो."

"अगं, हाताला आधी उभी रेघ जमते, मग गोल, मग अधिकचं चिन्ह. चौकोन साधारण पाचव्या वर्षी, आणि तिरक्या रेघांचा त्रिकोण त्याच्याही नंतर. क मध्ये तर दांड्याच्या दोन्ही बाजूंना वळणं. म्हणून आम्ही ग, म, भ, न पासून सुरुवात करायचो. त्याला मटार सोलू दे, कणकेचे गोळे करू दे. क शिकवणं पहिलीचं काम आहे."

"म्हणजे यादी खोटी?"

"खोटी नाही. दोन जातींच्या गोष्टी एका कागदावर आल्यात. काही वयाने येतात, त्यांची वाट पाहायची. काहींची वाट पाहणं ही हयगय. तो खेळत असताना पाठीमागून हळू हाक मार. पुन्हा पुन्हा वळलाच नाही, तर कान तपासून घे. चित्रं अगदी डोळ्यांशी धरत असेल, तर डोळे."

"पण वर्गात बाकीची मुलं लिहीत असतील. त्याला लाज वाटली तर?"

बाई लगेच बोलल्या नाहीत. मला तो प्रश्न यादीपेक्षा मोठा वाटला.

"वाटेलही. म्हणून पहिल्याच आठवड्यात वर्गशिक्षिकेला भेट. सांग, बोटं लवकर दमतात, गोष्ट मात्र छान सांगतो. लिहिता येत नाही म्हणून दारातून कुणी परत पाठवू शकत नाही. 2009च्या शिक्षणहक्क कायद्याने प्रवेशासाठी मुलांची चाचणी घ्यायला बंदी आहे."

"मग घरी मी पाहू तरी काय?"

"तू जवळ नसताना त्याला जे लागेल ते. लघवीला जायचंय, हे अनोळखी बाईंना सांगेल का? चड्डीचं बटण सोडता येतं? जूनमध्ये माझ्या वर्गात अक्षरांपायी फार कुणी रडलं नाही. बटणापायी आणि न उघडणाऱ्या डब्यापायी पुष्कळ रडली."

"डबा त्याला उघडत नाही."

"मग आठवडाभर दुपारचं जेवण त्याच डब्यात दे. जवळ बस, हात लावू नकोस. तरी उघडला नाही, तर सैल झाकणाचा दुसरा डबा आण."