एसटी जाऊ दे

ब्रिटनमध्ये 1953 साली एल्सी मिल्स या बाईंनी लहान मुलांना रस्त्याचे नियम सांगण्यासाठी एक खारीचं पिल्लू निर्माण केलं. त्याचं नाव टफ्टी. अपघात टाळण्यासाठी काम करणाऱ्या ‘रॉयल सोसायटी फॉर द प्रिव्हेन्शन ऑफ अ‍ॅक्सिडेंट्स’ या संस्थेने त्याला गोष्टींतून घरोघरी नेलं. 1961 मध्ये त्याच्या नावाचा क्लब निघाला आणि 1970च्या दशकात टीव्हीसाठी त्याचे छोटे बाहुलीपट झाले. त्यांपैकी एकाची गोष्ट एवढीच आहे: आइस्क्रीमची गाडी येते. टफ्टी आईला बोलावून तिच्याबरोबर जातो. त्याचा मित्र विली, म्हणजे मुंगसासारखं दिसणारं एक पिल्लू, एकटाच धावतो आणि मोटारीची धडक बसून जखमी होतो.

आइस्क्रीमच्या गाडीकडे आईशिवाय जायचं नाही, हा त्यातला नियम. उजवीकडे बघ, डावीकडे बघ, गाडी किती लांब आहे ते ठरव, असं काहीच हा पट सांगत नाही. मला हे त्याचं सगळ्यात मोठं शहाणपण वाटतं. पाच वर्षांच्या मुलाला एका मिनिटात एकच नियम द्यायचा असेल, तर तो पाळताना मुलाला कसलाही अंदाज बांधावा लागता कामा नये. मुलाने करायची कृती ठरलेली हवी आणि ती कधी करायची ती वेळही त्याला ओळखता यायला हवी.

याचं कारण मुलाच्या डोळ्यांत आहे. येणारी मोटार डोळ्यांपुढे मोठी मोठी होत जाते, त्यावरून आपण तिचा वेग ताडतो. लंडन विद्यापीठातल्या संशोधकांनी 2011 मध्ये प्राथमिक शाळेतल्या मुलांची ही क्षमता तपासली. गाडी पोहोचायला पाच सेकंद असताना, ती ताशी सुमारे 32 किलोमीटरपेक्षा जास्त वेगाने येत असेल, तर ती जवळ येते आहे हे मुलांना खात्रीने कळत नाही, असं त्यांना आढळलं. आपल्याकडच्या राज्यमार्गावर 32चा वेग म्हणजे गाडी जवळपास रेंगाळतेच आहे. मग ‘नीट बघून रस्ता ओलांड’ असं सांगितल्यावर मूल आज्ञाधारकपणे दोन्हीकडे बघतं, गाडी त्याला दिसतेही, आणि तरी ते पाऊल टाकतं. हा मुलाचा हट्ट किंवा वेंधळेपणा नव्हे. ते अजून तेवढं मोठं झालेलं नसतं.

आपल्या गावाकडच्या मुलासाठी असा पट करायचा झाला तर कोणता नियम घ्यावा? मी एसटीच्या थांब्यावरचा घेईन, कारण तिथला धोका ठराविक आहे आणि मुलाला मुळीच दिसत नाही. आपण डाव्या बाजूने गाड्या चालवतो आणि एसटीचं दार डावीकडे असतं. मूल उतरतं, घर रस्त्यापलीकडे असतं, म्हणून ते उभ्या बसच्या पुढून निघतं. ड्रायव्हर उंचावर बसलेला, त्याला बसच्या अगदी नाकासमोरचं तीन-साडेतीन फुटांचं मूल दिसेलच असं नाही. त्याच वेळी मागून आलेली मोटारसायकल थांबलेल्या बसला उजवीकडून ओलांडत असते. बसच्या आडून मूल बाहेर पडतं ते नेमकं तिच्या वाटेत. ना त्याला मोटारसायकल दिसते, ना तिच्या चालकाला ते. मधे बसचा आख्खा पत्रा असतो.

उपाय सोपा आहे. बस निघून जाईपर्यंत थांबायचं. पण हे मुलाला कोणत्या शब्दांत सांगायचं, यावर लिहिणाऱ्याचा खरा कस लागतो. पहिल्यांदा सुचतं ते कंडक्टरच्या घंटीचं. टिंग टिंग झालं की बस निघते, हे प्रत्येक मुलाला पाठ असतं आणि पटात तो आवाज गोडही वाटेल. तरी तो घेऊ नये. टिंग टिंग वाजते त्या क्षणी बस जागेवरच असते आणि आता ती हलणार असते. घंटी ऐकून निघालेलं मूल चालू लागणाऱ्या बसच्या पुढ्यातच येईल.

दुसरा पर्याय, ‘एसटीची पाठ दिसू दे’. यात मुलाला खूण म्हणून काहीतरी डोळ्यांनी दिसतं, म्हणून हा मोहात पाडतो. पण पाठ दिसायची तर बस जायलाच हवी असं कुठे आहे? मूल चालत बसच्या मागे जाईल, त्याला पाठ दिसेल आणि नियम पाळल्याच्या समाधानात ते तिथून निघेल. उभ्या बसच्या मागून निघालं तर समोरून येणारी गाडी तितकीच आडोशाला असते. लहान मुलं शब्द अक्षरशः घेतात, त्यामुळे नियमाचा असा उलटा अर्थ निघतो का, हे आधीच तपासावं लागतं.

राहतं ते सगळ्यात साधं: ‘एसटी जाऊ दे.’ यात पळवाट नाही. बस उभी आहे तोवर पाय हलवायचे नाहीत, आणि ती गेली की नाही हे ओळखायला अंदाज लागत नाही. मात्र बस गेल्यावर रस्ता ओलांडायचा कसा, हे या नियमात नाही. ते एका मिनिटाच्या पटात बसवूही नये, कारण तिथे पुन्हा वेगाचा अंदाज येतो आणि तो मोठ्या माणसाने करायचा आहे. म्हणून पटात मोठं माणूस हवंच.

आता प्राण्याबद्दल. प्राणी घेतला की विलीसारखा अपघात मुलाला न घाबरवता दाखवता येतो, आणि पडद्यावरचं मूल कुठल्या गावचं, कुठल्या घरचं, हा प्रश्न उरत नाही. पण त्याची एक मर्यादाही आहे. टोरांटोतल्या संशोधकांनी चार ते सहा वर्षांच्या मुलांना वाटून घेण्याबद्दलची एकच गोष्ट दोन प्रकारे वाचून दाखवली, एकीत माणसाची मुलं होती, दुसरीत माणसासारखे वागणारे प्राणी. माणसांची गोष्ट ऐकलेल्या मुलांनी नंतर आपले स्टिकर जास्त वाटले. प्राण्यांच्या गोष्टीतून तसा फरक पडला नाही. प्राण्याचं वागणं मूल सहज स्वतःला लावून घेत नाही. वाटून घेणं आणि रस्त्यावर थांबणं या वेगळ्या गोष्टी आहेत हे खरं, तरीही पट लिहिणाऱ्याने हा इशारा गांभीर्याने घ्यावा. प्राण्याभोवतीचं बाकी सगळं मुलाच्या रोजच्या जगातलं हवं: तोच लाल डबा, तोच थांबा, पाठीवर तसंच दप्तर.

मी खारच घेईन, टफ्टीची आठवण म्हणून नव्हे, तर ती आपल्या प्रत्येक चिंचेवर आहे आणि रस्त्यात तिचं वागणं मुलासारखं असतं म्हणून. ती एकदम सुटते, मधेच थबकते, उलट फिरते. तिचं नाव चिंगी. ती शाळकरी असावी, शिकवणारी नसावी. पोलिसाची टोपी घातलेला शहाणा प्राणी बोलू लागला की मुलाला तो मास्तर वाटतो.

चिंगी एसटीतून उतरते. पलीकडे चिंच आहे, चिंचेवर घर. आजी आधीच थांब्यावर येऊन उभी आहे, आणि ती उतरायच्या बाजूलाच उभी असली पाहिजे. आजी पलीकडे उभी राहून हाका मारते असं दाखवलं तर सगळा पटच वाया जाईल, कारण ओळखीचं माणूस पलीकडे दिसलं की मूल बस, रस्ता सगळं विसरून धावतं. पाहणाऱ्या आईबापांनाही आजी कुठे उभी आहे ते न सांगता कळतं.

चिंगी बसच्या पुढे झेपावते. आजी शेपटी धरते. “एसटी जाऊ दे.” “आजी, अगं पण रस्ता रिकामा आहे!” इथे चित्र चिंगीच्या डोळ्यांच्या उंचीवर आणायचं. पडदाभर लाल पत्रा आणि एक मोठं चाक, बाकी काही नाही. दोन-तीन सेकंद तेवढंच. मग टिंग टिंग, बस हलते, पत्रा बाजूला सरकतो, आणि त्याच्यामागून मोटारसायकल भर्रकन निघून जाते. चिंगीला ती पहिल्यांदा दिसते, पाहणाऱ्या मुलालाही. धडक दाखवायची गरज उरत नाही. विलीच्या गोष्टीत मला हीच एक अडचण वाटते. त्याला लागलं कारण तो उनाड होता, असं मूल समजू शकतं, आणि आपण उनाड नाही याची प्रत्येक मुलाला खात्री असते. चिंगी उनाड नाही. तिला फक्त दिसत नव्हतं.

मग लगेच दुसरा दिवस, आणि तिसरा. दोन्ही वेळा चिंगी उतरते, आजीचा हात धरते आणि आपणच म्हणते, “एसटी जाऊ दे.” चूक एकदा, बरोबर कृती दोनदा, आणि शेवटी डोळ्यांत राहील ती बरोबर कृतीच. या क्रमात तडजोड नको. चुकीचं दृश्य गमतीदार आणि लांब झालं की मुलं खेळताना तेच करून दाखवतात.

परदेशी पट मराठीत बोलता करून दाखवण्याचा सोपा मार्ग इथे चालत नाही, हे वेगळं सांगायला हवं. अमेरिकेत गाड्या उजवीकडून चालतात, म्हणून तिथला प्राणी आधी डावीकडे बघायला सांगतो. आपल्याकडे पहिली गाडी उजवीकडून येते. शिवाय तिथे पिवळी शाळेची बस दिवे लावून थांबली की बाकीच्या गाड्यांना थांबावं लागतं. तो भरवसा आपल्या मुलाने घेतला तर घात होईल.

पट जमला की नाही हे कसं कळणार? मुलाला विचारून कळत नाही. “उतरल्यावर काय करायचं?” म्हटलं की सगळा वर्ग एका सुरात “एसटी जाऊ दे” म्हणेल. त्याऐवजी फरशीवर खडूने रस्ता काढावा, खेळण्यातली बस ठेवावी, मुलाच्या हातात बाहुली द्यावी आणि म्हणावं, हिला घरी ने. बाहुली बसच्या पुढून निघाली तर शब्द पोहोचले आणि नियम तसाच राहिला. त्यानंतरची परीक्षा खऱ्या थांब्यावर. ग्लासगोतल्या ड्रमचॅपल वस्तीत 1990च्या दशकात पाच ते सात वर्षांच्या मुलांना स्वयंसेवकांनी रस्त्याच्या कडेलाच नेऊन शिकवलं, आणि त्यातून ‘कर्बक्राफ्ट’ नावाची पद्धत घडली. उभ्या गाड्यांजवळून रस्ता कसा ओलांडायचा हा तिच्या तीन धड्यांपैकी एक आहे. तो धडा मुलांना एकदा सांगून सोडत नाहीत, अनेक आठवडे त्यांच्याकडून तो रस्त्यावर करून घेतात.

चिंगीचा पट दाखवल्यावर त्याच आठवड्यात शिक्षकांनी आठ-दहा मुलांना गावच्या थांब्यावर न्यावं. एसटी आली की मुलांच्या तोंडाकडे न बघता पायांकडे बघावं. बस उभी असताना कोणाची टाच उचलली जाते, ते लगेच दिसतं. त्या मुलाला गुडघ्यावर बसून, त्याच्या उंचीवरून पत्रा दाखवावा आणि बस जाईपर्यंत त्याच्याबरोबर तिथेच थांबावं.