होकार कोण मागतो, कधी मागतो

1897 च्या जानेवारीत वाल्डेमार हाफकिन यांनी प्लेगची लस आधी स्वतःला टोचून घेतली. महिना संपता संपता ती भायखळ्याच्या तुरुंगात पोचली, कारण तिथे साथ शिरली होती. तयार झालेल्या कैद्यांना लस दिली गेली आणि उरलेल्यांशी त्यांची तुलना झाली. टोचून घेतलेल्यांत आजारी पडणारे बरेच कमी निघाले. अभ्यासाला तुरुंग सोयीचा होता: सगळे एका छताखाली, अन्न एकच, मध्येच कुणी निघून जाणार नाही. पण मोजणी सोपी करणारी हीच गोष्ट कैद्याच्या होकाराचे वजन कमी करते. इस्पितळ, मनोरुग्णालय, वसतिगृह, अनाथालय यांनाही हे लागू आहे.

न्यूरेंबर्ग संहितेने 1947 मध्ये स्वेच्छेची संमती अनिवार्य केली. मात्र जो स्वतः संमती देऊ शकत नाही त्याचे काय, याचे उत्तर तिच्यात नव्हते. 1964 च्या हेलसिंकी जाहीरनाम्याने ते पालकाच्या सहीत शोधले. ही सही कुठवर घसरू शकते, हे तेव्हाच्या आंध्रातल्या खम्मम जिल्ह्यात दिसले. 2009 मध्ये तिथे आदिवासी मुलींना गर्भाशयमुखाच्या कर्करोगाविरुद्धची लस दिली गेली. यातल्या अनेक मुली वसतिगृहांत राहत होत्या. संसदीय समितीने नंतर तपासलेल्या 9543 अर्जांपैकी 2763 अर्जांवर वॉर्डनच्या सह्या होत्या. तेव्हा लसीचे तीन डोस सहा महिन्यांत पुरे करायचे असत. त्यासाठी वसतिगृहाइतकी सोयीची जागा दुसरी नव्हती. भायखळ्याचेच गणित, असे माझे मत.

आता आपल्या बेळगावकडे येऊ. सप्टेंबर 2002 ते डिसेंबर 2005 या काळात बेळगाव जिल्ह्याच्या ग्रामीण भागात एक मोठी चाचणी झाली. बाळंतपणानंतरचा रक्तस्राव मिसोप्रोस्टॉलच्या गोळीने रोखता येतो का, हे पाहायचे होते. 1620 बाळंतिणींपैकी 812 जणींना 600 मायक्रोग्रॅम औषध आणि 808 जणींना तशीच दिसणारी निष्क्रिय गोळी मिळाली. बाळंतपण करणाऱ्या 25 एएनएम सिस्टरनीच गोळी दिली आणि रक्तही मोजले. त्यासाठी बाईच्या खाली खुणा केलेली पिशवी असलेले प्लास्टिक अंथरले जाई. अतिरक्तस्राव निष्क्रिय गटात 12 टक्के आणि औषधाच्या गटात 6.4 टक्के निघाला. म्हणजे साधारण 18 बायकांना गोळी दिली की एकीचा अतिरक्तस्राव टळत होता.

निष्क्रिय गोळीवर तेव्हा वाद झाला. ऑक्सिटोसिनचे इंजेक्शन उपयोगी ठरते हे माहीत होते, मग निम्म्या बायकांना काहीच का नाही? त्यावरचे उत्तर असे होते की ते इंजेक्शन थंड ठेवावे लागते, टोचायला प्रशिक्षित हात लागतो, आणि त्या बाळंतपणांत ते प्रत्यक्षात मिळतच नव्हते. हे उत्तर मला निम्मे पटते. गोळी सामान्य तापमानाला टिकते. जांबोटीसारख्या पावसाने रस्ते अडणाऱ्या गावाला तिचा उपयोग उघड आहे. पण जे मिळत नाही त्यालाच ‘नेहमीची सेवा’ म्हटले, तर गरिबीच संशोधनाचे निमित्त ठरते. संमतीपत्र कितीही चांगले लिहिले तरी हा प्रश्न सुटत नाही, कारण तो आराखड्याचा आहे.

दुसरा प्रश्न होकाराच्या वेळेचा. कळा सुरू झालेल्या बाईला चिठ्ठ्या टाकून गट ठरण्याची पद्धत समजावणे जवळपास अशक्य असते. ते गरोदरपणातल्या तपासणीवेळीच व्हायला हवे आणि पुढे पुन्हा विचारायला हवे. शिवाय जिच्या हातात बाळंतपण आहे त्या सिस्टरला ‘नको’ कसे म्हणायचे? रुग्ण डॉक्टरवर अवलंबून असेल तर संमती त्रयस्थाने घ्यावी, ही तरतूद हेलसिंकीत 1975 पासून आहे. गावात असा त्रयस्थ सापडणे अवघड, हेही खरे.

आयसीएमआरच्या 2017 च्या मार्गदर्शक तत्त्वांनी असुरक्षित गटांवर स्वतंत्र प्रकरण दिले. त्यांना संशोधनातून सरसकट वगळू नका, असेही सांगितले, कारण मग त्यांच्या आजारांवर औषधच तपासले जाणार नाही. नव्या रेणूच्या औषधचाचणीत असुरक्षित व्यक्तीची संमती दृकश्राव्य नोंदवावी लागते, असा 2019 चा नियम आहे. कॅमेरा कागदापेक्षा बरा, कारण काय समजावले ते नंतर तपासता येते. पण पलंगाशेजारी उभ्या डॉक्टरचा दबाव त्यात दिसेलच असे नाही. खानापूर तालुक्यातल्या मराठी घरातल्या बाईला माहिती कन्नडमधून वाचून दाखवली, तर चित्रफीत पूर्ण आणि समज अपुरी राहील.

तुमच्या घरातले कुणी दवाखान्यात असताना संशोधनाचा कागद समोर आला, तर सही करण्याआधी तीन गोष्टी विचारा: नाही म्हटले तर चालू उपचारांत काही बदलेल का, मध्येच बाहेर पडता येईल का, आणि अपाय झाला तर खर्च कोण करील. उत्तरे मराठीत मागा, आणि घरी जाऊन विचार करायला वेळही मागा.